शेवटची साखळी कोणाची?

वहीच्या मागच्या पानावर ठिपक्यांच्या रांगा काढायच्या. दोघांनी आळीपाळीने शेजारशेजारचे दोन ठिपके आडव्या किंवा उभ्या रेघेने जोडायचे. ज्याच्या रेघेने चौकट पूर्ण होईल त्याने तीत आपलं अक्षर लिहायचं आणि लगेच आणखी एक रेघ मारायची. सगळ्या चौकटी भरल्या की ज्याची अक्षरं जास्त, तो जिंकला. हा खेळ शाळेत कोणी मुद्दाम शिकवत नाही, तरी तो येत नाही असं मूल सापडणं अवघड.

जवळजवळ सगळे तो एकाच पद्धतीने खेळतात. कुठल्याही चौकटीला तिसरी रेघ द्यायची नाही, कारण चौथी समोरचा मारणार. दोघंही असं जपून खेळत राहतात आणि एक क्षण असा येतो की कागदावर निर्धोक रेघच उरत नाही. ज्याची पाळी असेल त्याला काहीतरी द्यावंच लागतं. तो त्यातल्या त्यात लहान तुकडा देतो, समोरचा तो खातो आणि मग त्याच्यावर देण्याची वेळ येते. निर्धोक रेघा नेमक्या कोणाच्या पाळीला संपतात, हा नशिबाचा भाग आहे असं बहुतेकांना वाटतं. तो नशिबाचा भाग नाही. ते मोजता येतं, बरंच आधी मोजता येतं, आणि हिशोब आपल्या विरुद्ध जात असेल तर एखादी चौकट स्वतःहून देऊन तो फिरवताही येतो. या खेळातलं खरं कसब तेवढंच आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे.

हा खेळ पहिल्यांदा छापील रूपात मांडला एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने, १८८९ मध्ये. हनोईचा मनोरा हे प्रसिद्ध कोडंही त्याचंच. ठिपक्यांच्या खेळाला त्याने ‘ला पिपोपिपेत’ म्हटलं आणि त्याचं श्रेय पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांना दिलं. पण खेळाच्या आतला हिशोब उलगडला तो एल्विन बर्लेकॅम्प या अमेरिकन गणितज्ञाने. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवणारा हा माणूस संदेशातल्या चुका दुरुस्त करणाऱ्या सांकेतिक पद्धतींसाठी जगभर ओळखला जातो. ठिपक्यांच्या खेळावर त्याने २००० साली एक अख्खं छोटं पुस्तक लिहिलं. २०१९ मध्ये तो वारला. इथे जे पुढे येणार आहे त्याचा पाया त्याचाच.

आधी साखळी म्हणजे काय ते पाहू. डाव रंगात आला की बहुतेक चौकटींना दोन-दोन रेघा झालेल्या असतात आणि दोन बाजू उघड्या असतात. अशा चौकटी एकमेकींना उघड्या बाजूंनी जोडल्या जाऊन बोळ तयार होतात. बोळात कुठेही एक रेघ मारली की समोरचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्या चौकटी घेत जाऊ शकतो. हा बोळ म्हणजे साखळी. तीन किंवा अधिक चौकटींची असेल तर ती लांब, एक किंवा दोन चौकटींची असेल तर आखूड. तीनवरच सीमा का, ते थोड्या वेळाने कळेल.

आता एक प्रसंग घ्या. २५ ठिपके, म्हणजे १६ चौकटी. सगळा कागद दोन लांब साखळ्यांमध्ये विभागला गेला आहे, एक सात चौकटींची आणि दुसरी नऊची. पाळी समोरच्याची आहे. तो सातवाली साखळी उघडतो. साधा खेळाडू खूश होऊन सातही चौकटी घेतो आणि नियमाप्रमाणे आणखी एक रेघ मारायला बसतो. कागदावर उरली आहे फक्त नऊची साखळी. ती त्याला उघडावी लागते आणि तो ९ विरुद्ध ७ असा हरतो.

जाणता खेळाडू सातपैकी पाचच चौकटी घेतो. शेवटच्या दोन उरल्या की त्यांतली जवळची चौकट भरण्याऐवजी तो साखळीचं पलीकडचं टोक बंद करतो. आता त्या दोन चौकटी चारी बाजूंनी बंद आहेत, त्यांच्यामधली एकच रेघ मारायची राहिली आहे. त्याच्या रेघेने चौकट पूर्ण झाली नाही, म्हणून पाळी संपली. समोरचा मधली रेघ मारतो, एका फटक्यात दोन चौकटी त्याच्या होतात, आणि मग त्यालाच पुढची रेघ मारावी लागते. उरली आहे नऊची साखळी. ती तो उघडतो आणि आपण नऊच्या नऊ घेतो. निकाल १४ विरुद्ध २. कागद तोच, पाळी तीच. फरक पडला तो दोन चौकटी हातच्या सोडल्यामुळे.

एका रेघेत दोन चौकटी भरणाऱ्या त्या रेघेला आपण दुहेरी रेघ म्हणू. ती समोरच्याला मारायला लावणं हा डावाच्या उत्तरार्धातला मुख्य डावपेच. लांब साखळ्या कितीही असोत, जो पहिली लांब साखळी खातो तो प्रत्येक साखळीच्या शेवटी दोन चौकटी सोडत जातो आणि समोरच्याला पुढची साखळी उघडायला लावतो. फक्त अखेरच्या साखळीत काही सोडायचं कारण नाही, ती पूर्ण घ्यायची. डावाचा ताबा त्याच्याकडे राहतो. म्हणून सगळा प्रश्न इथे येऊन थांबतो की पहिली लांब साखळी उघडण्याची पाळी कोणावर येणार.

साखळी दोनच चौकटींची असेल तर हा डावपेच चालेलच असं नाही. देणाऱ्याने त्या दोन चौकटींच्या मधोमध रेघ मारली, तर घेणाऱ्याला दोन्ही चौकटी वेगवेगळ्या भराव्या लागतात, टोक बंद करून जोडी सोडण्याची सोयच राहत नाही. तीन चौकटींत देणाऱ्याने कुठेही रेघ मारली तरी घेणारा एक भरून उरलेल्या दोनांची जोडी बंद करू शकतो. लांब साखळी तीनपासून सुरू होते ती या कारणाने.

पहिली लांब साखळी कोण उघडणार, हे ठरवणारं मोजमाप मला या खेळातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते, कारण त्याला जमा-वजाबाकीपलीकडे काहीही लागत नाही. १६ ठिपक्यांचा कागद घ्या. त्यात ९ चौकटी आणि २४ रेघा असतात. समजा प्रत्येक चौकट स्वतंत्र रेघेने भरली गेली. मग चौकट भरणाऱ्या रेघा ९ आणि न भरणाऱ्या १५. आता पाळी संपते केव्हा? चौकट न भरणारी रेघ मारली की. म्हणजे अशा १५ रेघांनी १५ पाळ्या संपल्या, आणि सोळावी पाळी संपली ती कागदच भरल्यामुळे. एकूण पाळ्या १६, म्हणजे ठिपके जितके तितक्याच. हा योगायोग नाही. अशा कुठल्याही चौकोनी जाळीत रेघांची संख्या ठिपके अधिक चौकटी वजा एक इतकीच असते, त्यामुळे लहानमोठ्या कुठल्याही कागदावर हेच निघतं.

आता एखादी दुहेरी रेघ मारली गेली तर? एका रेघेत दोन चौकटी भरल्या, म्हणजे चौकट भरणाऱ्या रेघांत एक कमी झाली आणि न भरणाऱ्यांत एक वाढली. एक पाळी वाढली. म्हणून एकूण पाळ्या म्हणजे ठिपके अधिक दुहेरी रेघा. आणि दुहेरी रेघा किती होणार? शेवटची सोडून प्रत्येक लांब साखळीमागे एक.

पहिल्या खेळाडूच्या वाट्याला पहिली, तिसरी, पाचवी अशा विषम पाळ्या येतात. शेवटची साखळी त्याला हवी असेल तर एकूण पाळ्या विषम व्हायला हव्यात. एक वजा करायचा ध्यानात घेतला की नियम असा होतो: ठिपके अधिक लांब साखळ्या ही बेरीज सम असेल तर शेवटची साखळी पहिल्याची, विषम असेल तर दुसऱ्याची. १६ ठिपक्यांवर पहिल्याला सम साखळ्या हव्यात, दुसऱ्याला विषम. २५ ठिपक्यांवर उलटं. खेळायला बसताना एवढं ठरवून टाकायचं आणि मग डावभर एकाच गोष्टीकडे लक्ष ठेवायचं, की कागदावर लांब साखळ्या किती तयार होत आहेत.

यालाच लांब साखळीचा नियम म्हणतात. आता तो एका डावात चालवून पाहू. कागद-पेन्सिल जवळ घ्या. खेळत आहेत एक ताई आणि तिचा धाकटा भाऊ. पहिली रेघ ताईची होती. १६ ठिपके, चौकटींना मोबाइलच्या आकड्यांप्रमाणे १ ते ९ क्रमांक दिले आहेत. ११ रेघा मारून झाल्या, अजून एकही चौकट भरलेली नाही, आणि बारावी रेघ धाकट्याची आहे.

```
•───•   •───•
  १   २   ३
•───•───•───•
  ४   ५   ६ │
•───•───•   •
  ७   ८   ९
•───•───•───•
```

निर्धोक रेघा दोनच उरल्या आहेत: २ च्या डोक्यावरची आणि ९ च्या उजवीकडची. दुसरी कुठलीही रेघ मारली तर कुठल्या ना कुठल्या चौकटीला तिसरी रेघ होते. धाकट्याने नेहमीसारखं जपून खेळायचं ठरवलं तर तो २ च्या डोक्यावर रेघ मारेल, ताई ९ ची उजवी बाजू बंद करेल, आणि आता दोन साखळ्या पक्क्या होतील. वरच्या ओळीत १-२-३ ही तीनची, आणि खाली ४-५-६ वरून वळून ९-८-७ अशी सहाची. पाळी धाकट्याची. तो बिचारा तीनची साखळी उघडेल. ताई एक चौकट घेईल, दोन बंद करून सोडेल. धाकटा त्या दोन एका रेघेत भरेल आणि सहाची साखळी उघडेल. ताई ७, धाकटा २. त्याने क्रम बदलून आधी ९ ची बाजू बंद केली असती तरी ताईने २ चं डोकं झाकलं असतं आणि निकाल हाच लागला असता.

हे सगळं मोजणीने आधीच दिसतं. ठिपके १६, होऊ घातलेल्या लांब साखळ्या २, बेरीज १८. सम, म्हणजे ताईच्या बाजूची. ताईला काही करायची गरज नाही, तिने फक्त आहे ते टिकवायचं. गरज आहे ती धाकट्याला. बळी कोणी द्यायचा या प्रश्नाचं उत्तर हेच: मोजणी ज्याच्या विरुद्ध आहे त्याने. ज्याच्या बाजूची आहे त्याने चौकट देणं म्हणजे स्वतःचंच नुकसान, आणि ज्याच्या विरुद्ध आहे त्याने चौकट न देणं म्हणजे डाव सोडून देणं.

मग धाकट्याने काय द्यायचं? दोन लांब साखळ्यांची एक व्हायला हवी. वरची साखळी अजून पक्की झालेली नाही, कारण २ या चौकटीला एकच रेघ आहे. ती तीन बाजूंनी उघडी आहे, एखाद्या तिठ्यासारखी. साखळी मोडायची तर ती अशा तिठ्यावर. धाकटा १ आणि २ यांच्यामधली उभी रेघ मारतो. १ ला तिसरी रेघ झाली. ताई डावी बाजू बंद करून १ ही चौकट घेते. पण आता वर उरल्या फक्त २ आणि ३, म्हणजे आखूड साखळी. लांब साखळी एकच राहिली. १६ अधिक १ म्हणजे १७. विषम. शेवटची साखळी धाकट्याची.

ताईने १ घेतली म्हणून तिला आणखी एक रेघ मारायची आहे. ती उरलेली एकमेव निर्धोक रेघ मारते, ९ ची उजवी बाजू. खाली सहाची साखळी पक्की झाली. आता धाकटा २ आणि ३ यांच्या मधोमध रेघ मारतो आणि दोन्ही चौकटी ताईला देऊन टाकतो. ताई त्या वेगवेगळ्या दोन रेघांनी भरते, तिच्या तीन चौकटी झाल्या. पण पुढची रेघ तिलाच मारायची आहे आणि कागदावर फक्त सहाची साखळी आहे. ती उघडते, धाकटा सहाही घेतो. ६ विरुद्ध ३. पाळ्या मोजून पाहा, बरोबर १६ होतात.

ताईला यातून निसटता येतं का? समजा १ घेतल्यावर तिनेही बळी द्यायचं ठरवलं आणि खालची साखळी मोडायला ७ आणि ८ च्या मधली रेघ मारली. धाकटा ७ आणि ८ घेतो. ८ भरताना ९ ची डावी बाजू बंद होते, आणि ९-६-५-४ अशी चारची साखळी उरते. ती अजूनही लांबच आहे, साखळ्यांची संख्या एकच राहिली, म्हणजे ताईचा बळी फुकट गेला. धाकटा २-३ ची जोडी मधोमध रेघ मारून देतो, ताई ती घेऊन चारची साखळी उघडते. पुन्हा ६ विरुद्ध ३. तिने ६ आणि ९ च्या मधली रेघ मारून तीन चौकटी दिल्या तरी ७-८-९ ही तीनची साखळी उरते आणि निकाल तोच राहतो. १६ ठिपक्यांचा कागद लहान असल्यामुळे या सगळ्या वाटा पेन्सिलने तपासून होतात. एकदा जरूर तपासा, कारण बळी का लागू पडतो आणि का पडत नाही हे त्यातूनच डोक्यात बसतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण बऱ्यापैकी खेळणारेही त्यात अडकतात. एक चौकट दिली की पाळी उलटते, म्हणून डाव फिरतो, असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. मी रेघ मारली, पाळी समोरच्याकडे गेली. त्याने चौकट भरली, पण त्यानंतर एक रेघ त्यालाच मारावी लागली आणि मग पाळी माझ्याकडे आली. चौकट दिली नसती तरी पाळ्या अशाच आल्या असत्या. वरच्या हिशोबात चौकट देण्या-घेण्याने पाळ्यांची संख्या बदलतच नाही, ती बदलते फक्त दुहेरी रेघेने. धाकट्याचा बळी उपयोगी पडला तो त्याने एक लांब साखळी नाहीशी केली म्हणून. ताईचा ७-८ चा बळी वाया गेला, कारण त्याने साखळ्यांची संख्या बदलली नाही. म्हणून चौकट देण्याआधी स्वतःला विचारायचं ते इतकंच, की ही दिल्यावर कागदावर लांब साखळ्या किती राहतील.

दुसरी चूक अधिक बारीक आहे आणि जिंकलेला डाव घालवते. धाकट्याने २-३ ची आखूड जोडी देताना मधोमध रेघ मारली, ते मुद्दाम. समजा त्याने घाईत २ च्या डोक्यावर रेघ मारून ती जोडी दिली असती. ताईला २ आणि ३ घेता आल्या असत्या, पण तिने त्या घ्यायलाच हव्यात असा नियम नाही. ती ३ ची उजवी बाजू बंद करून दोन्ही चौकटी सोडून देते. धाकटा मधली रेघ मारून दोन चौकटी एकदम घेतो, आणि सहाची साखळी उघडायची पाळी त्याच्यावर येते. ताई ७, धाकटा २. एक नको असलेली दुहेरी रेघ झाली, पाळ्या सोळाच्या सतरा झाल्या, सगळा डाव फिरला. दोन चौकटी द्यायच्या आणि ताबा आपल्याकडे ठेवायचा असेल तर रेघ नेहमी दोघींच्या मध्ये मारायची, हे ज्याच्या हाताला वळण पडलं आहे तो असा डाव गमावत नाही.

आता ताईच्या बाजूने पाहू, कारण मोजणी बाजूने असणाऱ्यालाही काम असतं. अकरावी रेघ तिची होती. समजा ती रेघ ९ च्या खालची होती. त्या वेळी ९ ही चौकट चारी बाजूंनी मोकळी होती आणि वरच्या ओळीत २ हा तिठा उघडा होता. तिने ९ च्या खाली रेघ मारण्याऐवजी २ चं डोकं झाकलं असतं, तर वरची साखळी त्याच क्षणी पक्की झाली असती. मग धाकट्याला ती मोडायची सोयच उरली नसती. १-२-३ मध्ये त्याने कुठेही रेघ मारली तरी तिन्ही चौकटी एकदम उघड्या पडतात. खाली ७-८ देऊन पाहिलं तरी ९-६-५-४ ही लांब साखळी राहते, साखळ्या दोनच राहतात, आणि तेव्हा ताई ७ विरुद्ध २ ने जिंकते. दोन्ही रेघा निर्धोक होत्या, दिसायला सारख्याच निरुपद्रवी. एक डाव जिंकून देणारी, दुसरी घालवणारी. ज्याची मोजणी बरोबर आहे त्याने तिठे बंद करत जायचं आणि साखळ्या लवकर पक्क्या करायच्या. ज्याची चुकते आहे त्याने तिठे उघडे असेपर्यंतच बळी द्यायचा. निर्धोक रेघा संपल्यावर बळी देता येत नाही, तेव्हा देतो तो पराभव असतो.

मोठ्या कागदावर बळीचे आणखी प्रकार दिसतात. दोन साखळ्या एका चौकटीतून जोडून त्यांची एक लांबलचक साखळी करता येते. एका मोठ्या साखळीच्या मधली चौकट देऊन तिचे दोन लांब तुकडे करता येतात, म्हणजे संख्या एकाने वाढते. तत्त्व एकच आहे, संख्या एकाने बदलली पाहिजे. दोनाने बदलली तर काहीच बदललं नाही. चांगले खेळाडू एखादी चौकट देऊन कोपऱ्यातली होऊ घातलेली साखळी मोडतात ती पुष्कळदा निम्म्याहून अधिक कागद रिकामा असतानाच, कारण तेव्हा किंमत एक-दोन चौकटींची असते.

या नियमाला मर्यादा आहेत आणि त्या माहीत नसतील तर मोजणी फसवते. पहिली मर्यादा वेटोळ्याची. कधी कधी चौकटींचा बोळ फिरून स्वतःलाच येऊन मिळतो. सर्वांत लहान वेटोळं चार चौकटींचं. वेटोळ्यात ताबा राखायचा तर दोन नव्हे, चार चौकटी सोडाव्या लागतात, दोन जोड्यांच्या रूपात. त्यातून दोन दुहेरी रेघा होतात, पाळ्यांच्या सम-विषमपणावर परिणाम होत नाही, म्हणून मोजताना वेटोळं धरायचं नाही. पण ताबेदाराच्या खिशातून चार चौकटी जातात, हे विसरायचं नाही.

दुसरी मर्यादा त्यातूनच येते. नियम सांगतो तो शेवटची साखळी कोणाची ते, डाव कोणाचा ते नव्हे. साखळ्या लांब असतील तर दोन्हींचा अर्थ एकच होतो. पण तीनच्या साखळीत ताबेदाराला एक चौकट मिळते आणि समोरच्याला दोन. चारच्या साखळीत दोन-दोन. चारच्या वेटोळ्यात ताबेदाराला शून्य. समजा २५ ठिपक्यांच्या कागदावर चारची दोन वेटोळी आणि चारच्या दोन साखळ्या तयार झाल्या. समोरचा आधी दोन्ही वेटोळी उघडेल आणि त्यांच्या आठही चौकटी परत घेईल, मग एका साखळीत दोन मिळवेल. ताबेदार प्रत्येक वेळी ताबा राखत गेला तर त्याला २ आणि ४ मिळून सहाच चौकटी मिळतात आणि तो १० विरुद्ध ६ ने हरतो. म्हणून मोजणी हरणाऱ्याकडे आणखी एक मार्ग असतो: साखळ्यांची संख्या बदलता येत नसेल तर साखळ्या आखूड ठेवायच्या आणि वेटोळी तयार करायची, म्हणजे ताबा महाग पडतो. मोजणी जिंकणाऱ्याने उलट साखळ्या लांब होऊ द्यायच्या. किमान एक तरी पाच-सहा चौकटींची साखळी कागदावर असली की ताबा सहसा वसूल होतो.

आणि शेवटी बळीचा भाव. धाकट्याने एक चौकट देऊन सहा मिळवल्या, तो व्यवहार उघड फायद्याचा होता. पण शेवटची साखळीच तीन चौकटींची असेल आणि तिच्यासाठी आधी चार चौकटी द्याव्या लागत असतील, तर बळी देऊ नये. द्यायच्या चौकटी आणि नंतर ताबा हाती आल्यावर मिळणाऱ्या चौकटी यांची बेरीज-वजाबाकी प्रत्येक वेळी करावी लागते. त्याला पर्याय नाही.

दोघांनीही एकही चूक केली नाही तर २५ ठिपक्यांचा डाव ८-८ असा बरोबरीत सुटतो, हे संगणकाने सगळ्या शक्यता तपासून सिद्ध झालं आहे. त्याहून एका रांगेने मोठा, ३० ठिपक्यांचा डावही बरोबरीचाच, हे २०१२ मध्ये जोसेफ बार्कर आणि रिचर्ड कॉर्फ या दोघांनी दाखवलं. पण माणसं अचूक खेळत नाहीत, आणि जो मोजतो तो न मोजणाऱ्याला जवळजवळ दर वेळी हरवतो. तेव्हा घरात एखादं मूल वही घेऊन समोर बसलं तर २५ ठिपके काढा. पहिली रेघ तुमची असेल तर लांब साखळ्या विषम होतील असं पाहा, त्याची असेल तर सम. तो एकदा-दोनदा हरला की त्यालाही हे मोजायला शिकवा.